नाव, नंबर, गाव

एक्सेल मला येतं, याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. बँकेत शाखेतला कुठलाही तक्ता अडला की तो माझ्या टेबलावर यायचा. निवृत्त झाल्यावर अडलेले तक्ते येईनासे झाले आणि मी घरात चिडचिड करायला मोकळी झाले, असं माझा नवरा म्हणतो. त्यामुळे खालच्या मजल्यावरची आमची भाडेकरू मोबाईल घेऊन वर आली आणि म्हणाली, "काकू, एक यादी करून द्याल?" तेव्हा मी चष्मा शोधायच्या आधी हो म्हणून टाकलं.

ती मूळची साताऱ्याची. लखनौला मानक नगरजवळ आमच्याकडे येऊन तिला सहा वर्षं झाली होती. जुन्या लखनौतल्या चौक भागातल्या पाच-सहा बायकांकडून ती चिकनकारीचे कुर्ते, दुपट्टे, साड्या भरून घ्यायची. कापड निवडणं, नक्षी ठरवणं, उसवलेलं परत करून घेणं हे तिचं काम. विकायचं काम तिच्या नवऱ्याचं. तो एका खासगी कंपनीत होता, पण रविवारी स्कूटरवर गठ्ठा बांधून कँटोन्मेंटमध्ये, मराठी मंडळात, कुठं कुठं जायचा. गिऱ्हाईक मिळालं की तिथूनच तिला मेसेज टाकायचा: नाव, नंबर, गाव आणि काय हवं ते. वस्तू तयार झाली की हातानं किंवा पार्सलनं पोचवायचाही तोच. गेल्या हिवाळ्यात तो गेला. ऑफिसात छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

आता तिचा दीर तिला साताऱ्याला न्यायला बसला होता. माणूस वाईट नव्हे. घराच्या दोन खोल्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या त्यानं. पण फोनवर रोज एकच पालुपद: "वहिनी, तिथं तुमचं आहे कोण?" तिला लखनौ सोडायचं नव्हतं. तिची मुलगी अकरावी झालेली, आईचं मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी. "मम्मी, मुझे नहीं जाना," एवढं म्हणून ती दार लावून घ्यायची. पण मायलेकींच्या मनात नाही, हे काही दिराला सांगण्यासारखं कारण नव्हतं. राहायचं तर धंद्यावर राहायचं, आणि धंद्याची गिऱ्हाईकं कुठं आहेत हे तिलाच नीट ठाऊक नव्हतं. तिला बायका आठवायच्या त्या कामावरून. पिस्ता दुपट्टावाली. पांढऱ्यावर पांढरं हवं म्हणणारी. महिनाअखेरीला दीर टेम्पो घेऊन येणार होता. त्याच्या आत तिला ठरवायचं होतं.

"एका कुरियरवाल्यानं यादी मागितलीय," ती म्हणाली. "नाव, फोन, शहर वेगवेगळ्या रकान्यांत. त्यातून मलाही कळेल काकू, माझी माणसं कुठायत ते."

मी तिच्या मोबाईलवरचे मेसेज माझ्या कॉम्प्युटरवर उघडले, हवे ते निवडून कॉपी केले आणि एक्सेलमध्ये चिकटवले. एकेका मेसेजची एकेक ओळ पहिल्याच रकान्यात येऊन बसली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात तारीख आणि वेळ, मग पाठवणाऱ्याचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव. कंस आतल्या तारीख-वेळेसकट एका झटक्यात काढले. मग त्याचं नाव 'शोधा आणि बदला'मध्ये टाकलं, बदली जागा रिकामी ठेवली आणि बटण दाबलं. दोनशेच्या वर ओळींतून ते एकदम नाहीसं झालं. ती शेजारी बसली होती. मला आधी सांगायला हवं होतं, हे नंतर सुचलं. ती उठून पाणी पिऊन आली.

मग मी माझी हुशारी दाखवायला गेले. म्हटलं, जिथं मोकळी जागा आहे तिथं तोड, की झाले रकाने. पण मराठी माणूस नाव सांगतो ते तीन शब्दांत: स्वतःचं, नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आणि आडनाव. इथली हिंदी गिऱ्हाईकं दोन शब्दांत आटोपतात. झालं! कुणाचा फोन तिसऱ्या रकान्यात, कुणाचा चौथ्यात, आणि नवी मुंबईतली 'नवी' एकीकडे, 'मुंबई' दुसरीकडे. मी सगळं मागं घेतलं आणि कॉम्प्युटरला दोन शब्द सुनावले.

"काकू," ती म्हणाली, "नंबर मधे आहे ना? त्याच्या अलीकडं नाव, पलीकडं गाव."

दिवसभर दुपट्ट्याचे काठ मोजणारीला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. मग एकेका ओळीत नंबरच्या आधी एक आणि नंतर एक स्वल्पविराम हातानं घातला. गावापुढची 'पिस्ता', 'लांब बाही' अशी ऑर्डर काढून तिच्या वहीत उतरवली. दोन दुपारी गेल्या त्यात. नंतर स्वल्पविरामावर तोडल्यावर तीन रकाने सरळ झाले. पहिल्या खेपेला फोनचा रकाना मजकूर म्हणून ठेवायचा विसरले, तर अधिक एक्क्याण्णव लावलेले नंबर भलतेच आकडे होऊन बसले. पुन्हा केलं. अधिक एक्क्याण्णव काढलं, मधल्या मोकळ्या जागा काढल्या, बाजूला प्रत्येक नंबरचे आकडे मोजायचं सूत्र लावलं. चार नंबर नऊ आकडी निघाले, ते पिवळे केले. एकाच नंबरची दोन-दोन नावं होती, त्यातलं एकेक उडवलं. मग पूर्ण तक्ता निवडून शहराप्रमाणे लावला. नुसता एक रकाना लावला तर एकीचा फोन दुसरीच्या नावावर जातो, हे मी तिला मुद्दाम ऐकवलं.

यादी देखणी झाली होती. लखनौच्या नावांपुढं त्यानं मोहल्ले लिहिले होते, अमीनाबाद, चौक, राजाजीपुरम. ती सगळी दोन शब्दांची नावं, पस्तीसेक. बाकी सगळी महाराष्ट्रातली, आणि त्यात सर्वांत मोठा गठ्ठा साताऱ्याचा. पन्नासच्या पुढं!

"बघ," मी म्हटलं. "गिऱ्हाईकं तिकडंच आहेत. दीर म्हणतो ते खोटं नाही. इथून माल मागव आणि तिथं बसून वीक." हे बोलताना मला वाईट वाटत होतं, पण तक्त्यापुढं भावना आणायची नाही ही माझी जुनी सवय. तिनं मान हलवली. त्याच संध्याकाळी तिनं दिराला होकार कळवला. खालच्या घरातून दार आपटल्याचा आवाज वर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यादी घेऊन माझ्याच बैठकीत बसली. म्हणाली, साताऱ्याच्या बायकांना कळवून टाकते की मी येतेय. पहिला फोन लावला, स्पीकरवर.

"अहो ताई, मी साताऱ्याला यायला निघालेय, तर म्हटलं..."

"साताऱ्याला? का हो?" पलीकडची बाई म्हणाली. "मग माझ्या कुर्त्याचं काय? मी तर इथंच आहे, कँटमध्ये. दोन वर्षं झाली. साहेबांचं पोस्टिंग अजून वर्षभर तरी आहे. तुमचे मिस्टरच आणून द्यायचे की घरी."

मी म्हटलं, एखादी असते अशी. दुसरा फोन लावला. तीही इथंच, लखनौच्या तेलीबागेत राहत होती. तिसरीची बदली जोधपूरला झाली होती, पण तिला आणखी दोन साड्या हव्या होत्या. मी तरीही हट्टानं म्हणत होते की उरलेल्या नीट असतील, एवढं काय घेऊन बसलीस. ती मात्र यादीवरून बोट खाली नेत होती. ते 'नाशिक'वर थांबलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "ह्या तुम्हीच ना?"

मीच होते, कधीकाळी घेतलेल्या एका दुपट्ट्यापायी. तीन शब्दी नाव, माझा नंबर, नाशिक. दोन दुपारी मी ती ओळ तोडली, मोजली, क्रमानं लावली, आणि तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर वीस वर्षं राहणारी मी नाशिकमध्ये जाऊन बसले.

मग मला तो दिवस आठवला. भाड्याचं बोलायला तो पहिल्यांदा आला तेव्हा चहाचा कप हातात घेता घेता त्यानं विचारलं होतं, "काकू, आपलं गाव कोणतं?" आणि मी छाती पुढं काढून नाशिक सांगितलं होतं. परमुलखात मराठी माणूस भेटला की दुसरं काय विचारतो? हिंदी गिऱ्हाईकाला तो पत्ता विचारायचा आणि आपल्या माणसाला गाव. त्यानं जे ऐकलं ते इमानानं लिहिलं होतं. त्यावर 'शहर' असा मथळा ठोकला तो मी.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. माझ्या सरळ रकान्यांच्या भरवशावर मी तिला होकार कळवायला लावला होता. "चुकलं माझं," मी म्हटलं. बँकेत हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, तर फार नाही.

तक्त्यात चौथा रकाना केला, 'सध्या कुठं'. तिचा फोन, माझा फोन, आणि मुलगी खालून आपला फोन घेऊन आली. "आंटी, मैं भी करूँ?" म्हणत तिनं यादीचा शेवटचा तुकडा ओढून घेतला. तीन दिवस आम्ही तिघी तेच करत होतो. साताऱ्याच्या पन्नासांतल्या साताऱ्यात राहणाऱ्या निघाल्या फक्त चौघी. बदली होऊन गेलेल्या पुणे, जोधपूर, बेळगाव, कुठं कुठं विखुरल्या होत्या. आणि लखनौच्या? पस्तिसाच्या शंभरावर गेल्या. बऱ्याच जणींना तो गेल्याचं माहीतच नव्हतं. त्या फोनवर रडल्या, आणि हिला त्यांची समजूत घालावी लागली.

चौथ्या दिवशी तिनं दिराला फोन केला. "भाऊजी, टेम्पो आणू नका. माझी माणसं इथंच आहेत. शंभरावर आहेत. नावं वाचून दाखवू?" मग तो म्हणाला, "नको वहिनी. सुट्टीत पोरीला घेऊन या मात्र."

कुरियरवाल्याला यादी पाठवायच्या आधी वरच्या ओळीत पाठवणाऱ्याची माहिती भरायची होती. तिनं सांगितली, मी टाईप केली. नाव. नंबर. तिसऱ्या रकान्यात माझ्या बोटांनी आपोआप 'सातारा' लिहिलं.

एवढं रामायण होऊनही! तिनं माझ्याकडं पाहिलं, हसली आणि कीबोर्ड स्वतःकडं ओढला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, तिनं ते खोडून 'लखनौ' लिहिलं. मग विचारलं, "काकू, तुमच्या ओळीतही करू का?"

मी माझ्या ओळीतल्या 'नाशिक'वर बोट ठेवलं आणि म्हटलं, "कर."