उज्वलाच्या वॉलेटचे दहा हजार

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि शेजारच्या गाळ्यात उज्वला मोबाइल रिचार्ज करायची. २००९ सालची गोष्ट. फौजींच्या बायका तिच्याकडेच यायच्या. नवरा कुठल्या तरी बर्फात, घरी फोन चालू पाहिजे, आणि उज्वला कुणालाही "सुटे नाहीत" म्हणून परत पाठवायची नाही. स्वभावाने सरळ होती. या जगात सरळ माणसाला पहिली कुऱ्हाड बसते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं.

रिचार्ज तिच्या वॉलेटमधून व्हायचं. कंपनीच्या त्या वॉलेटात आधी पैसे भरायचे, मग फोनवरून मेसेज टाकून गिऱ्हाइकाचं रिचार्ज करायचं. वॉलेट रिकामं म्हणजे दुकान बंद. वॉलेट तिच्या नावावर, पण पैसे जायचे बँकेच्या खात्यातून, आणि खातं होतं तिच्या थोरल्या दिरांच्या, किशोरभाऊजींच्या नावावर. गाळाही त्यांच्याच नावावर. रोजचा गल्ला संध्याकाळी त्यांच्याकडे जायचा, ते तो खात्यात भरायचे. त्या घरात दुधाचा रतीबसुद्धा थोरल्याच्या नावाने होता. नवरा संतोष ओझरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. तो भावासमोर मान वर करायचा नाही, बायकोसमोर मात्र करायचा.

पैसे भरायला उज्वला समोरच्या मयूरच्या सायबर कॅफेत जायची. किशोरभाऊजींनी पासवर्ड देताना बजावलं होतं, "पैसे कटले असं दिसलं की लगेच खिडकी बंद करायची. मागे बसलेला पासवर्ड चोरतो." आमच्याकडे तेव्हा सगळेच असं करायचे. कॅफेत बसलेला प्रत्येक जण मागच्याला चोर समजायचा. तोपर्यंत ती भीतभीत, पण अंमळ सावकाश बंद करायची, म्हणून निभावलं होतं.

त्या दिवशी मागे दोन पोरं येऊन उभी राहिली. बँकेच्या पानावर पैसे कटल्याचं दिसलं मात्र, हिने खाडकन खिडकी बंद केली. किशोरभाऊजींच्या फोनवर बँकेचा मेसेज गेला, दहा हजार वजा. वॉलेटमध्ये होते तेवढेच चाळीस रुपये राहिले.

पहिल्या दिवशी ती हसली होती. "येतील की, कुठं जातात?" दुसऱ्या दिवशी हसली नाही. तिसऱ्या दिवशी किशोरभाऊजी दुकानात आले आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "बँकेतून गेले, वॉलेटमध्ये आले नाहीत. मग मधे कोण आहे? तूच ना?"

"भाऊजी, मी माहेरी एक रुपया पाठवला असेल तर..."

"माहेरचं नाव मी घेतलं का? तूच घेतलंस."

मला त्या वेळी हातातली कात्री फेकून मारावीशी वाटली. मारली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मयूर पोरगा भला. त्याने तिला समोर बसवून समजावलं. बँकेने पैसे कापले की ते आधी पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीकडे जातात. मग बँकेचं पान आपोआप वॉलेटच्या पानावर परत येतं, आणि तेव्हा वॉलेटला कळतं की पैसे मिळाले. ते परत यायच्या आत खिडकी बंद केली तर पैसे निघालेले असतात, पण निरोप पोचलेला नसतो. "पैसे हवेत जात नाहीत, ताई," तो म्हणाला. "पण पहिले सापडेपर्यंत दुसऱ्यांदा भरू नका."

त्याने वॉलेटच्या साइटवर तिची ऑर्डर शोधली. ती अपूर्ण म्हणून पडली होती, पण तिला नंबर होता. मग बँकेचं खातं उघडून कटलेल्या पैशांची ओळ काढली. तिथे बँकेचा संदर्भ क्रमांक होता. दोन्ही नंबर, तारीख, वेळ, रक्कम, बँकेचं नाव, सगळं एका ईमेलमध्ये लिहून वॉलेटच्या कंपनीला पाठवलं. मयूरने ती ओळ छापूनही दिली.

बरं झालं छापून घेतली, कारण त्याच संध्याकाळी किशोरभाऊजींनी पासवर्ड बदलला. "चोराच्या हातात किल्ली कोण ठेवील?" असं म्हणाले. बँकेत गेली तर क्लार्क म्हणाला, "खातेदाराला घेऊन या." त्याचंही बरोबर होतं. खातं तिचं नव्हतंच.

दिवस गेले. वॉलेट कोरडं, गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. किशोरभाऊजी कुण्या मोबाइल विकणाऱ्याला गाळा दाखवून गेले. आणि एका रविवारी, सासू सिंधुबाईंसमोर, देव्हाऱ्यापुढे त्यांनी उज्वलाला बेलभंडारा उचलायला लावला. खंडोबाची शपथ घे, पैसे खाल्ले नाहीत म्हणून. सणावाराला ज्या हाताने ती त्या देवाला नैवेद्य दाखवायची त्याच हाताने तिने भंडारा उचलला. संतोष तिथेच उभा होता. सोमवारी ती दुकानात आली, कपाळाला अजून पिवळं लागलेलं, आणि माझ्या मशीनवर डोकं टेकून रडली.

कंपनीचं उत्तर त्यानंतर आठवड्याने आलं. मयूर धावतच माझ्या दुकानात घेऊन आला. बँकेकडून आलेल्या यादीशी त्यांनी तिची ऑर्डर ताडून पाहिली होती. पैसे मधल्या कंपनीकडे पोचले होते, ऑर्डर मात्र अपूर्णच राहिली, म्हणून रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत केली होती. परतीचा संदर्भ क्रमांक दिला होता आणि तारीखही. उज्वलाने तारीख वाचली, पुन्हा वाचली. ती शपथेच्या रविवारच्या आधीची होती.

"तुम्ही चला माझ्यासोबत," ती मला म्हणाली. मी शटर ओढलं आणि गेले.

किशोरभाऊजी ओट्यावर चहा पीत होते. उज्वलाने कागद पुढे धरला. "भाऊजी, हा नंबर घेऊन बँकेत चला. पासबुक छापून घेऊ."

त्यांनी कागद हातात घेतलाच नाही. "काय गरज? आले ते."

"कधी?"

"आले होते मधेच. मेसेज आला होता."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही?"

"गाळ्याचं भाडं महिन्याला चार हजार येणार आहे. त्या रिचार्जमधून काय सुटतं? गाळा सोड म्हणून हिला सांगून कळत नव्हतं, असं तरी कळलं." एवढं बोलून त्यांनी कपात बिस्कीट बुडवलं.

सिंधुबाई आतून आल्या. मला वाटलं, आता तरी म्हातारी तोंड उघडेल. उघडलंही. "जाऊ दे गं उज्वला. लय ताणू नको. पैसं घरातच राह्यलं ना, भायेर तर गेलं नाय?"

उज्वलाने दारात उभ्या संतोषकडे पाहिलं. तो चपला शोधत होता. आयुष्यात मी बरेच नालायक पाहिले, पण चोरापेक्षा चपला शोधणारा माणूस जिव्हारी जास्त लागतो.

गाळा गेला. मी माझ्या काउंटरची अर्धी फळी तिला मोकळी करून दिली, आणि म्हटलं, आता तुझं खातं काढ. तिच्या चुड्याशिवाय तिच्याकडे होतं ते सगळं, म्हणजे माझ्याकडून उसने घेतलेले दोन हजार, घेऊन आम्ही त्याच बँकेत गेलो, माझंही खातं तिथंच होतं. तेव्हा नवीन खात्याला जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागायची. तोच क्लार्क होता. फॉर्म उलटून पाहत म्हणाला, "इथं ओळखीची सही लागेल. घरातल्या कुणाचं खातं आहे का आमच्याकडे?"

उज्वला म्हणाली, "नाही. घरातलं मला ओळखणारं कुणी नाही."

क्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेतला आणि सही केली.