रिपोर्टखालची सही

वन्सं,

तुमचा अभ्यासाचा टायमर आज पुन्हा वाजला. भुताखेताचं काही नाही, संध्याकाळी दिवे लागले की मीच त्याला किल्ली देते. किल्ली देणारी मी आणि वाजल्यावर दचकणारीही मीच. तुमचे दादा वैतागतात. "अगं, मग देतेस कशाला?" म्हणतात. त्यांना काय सांगणार, कपाळ! तो टिकटिकत असतो तोवर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कुणीतरी पुस्तक उघडून बसलंय असं वाटतं. वाजून थांबला की नुसती खुर्ची उरते.

तुम्ही गेल्यावर चार शब्द बोला म्हणून लोकांनी मला उभं केलं होतं. मी म्हटलं, "शांत स्वभावाच्या होत्या," आणि बसले. साफ खोटं. तुम्ही शांत कसल्या? हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या खिडकीशी तुमचा आवाज चढला की जिन्यापर्यंत ऐकू यायचा. रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, लेबल बघायचं, वहीतला नंबर जुळवायचा, टोपणाचा रंग बघायचा. पेशी मोजायच्या असतील तर जांभळं टोपण, गोठण्याची तपासणी असेल तर निळं. आतली औषधं वेगळी, त्यामुळे एकीतलं रक्त दुसरीच्या कामाचं नाही. चूक दिसली की नळी सरकवून तुमचं एकच वाक्य: "परत न्या." सगळ्या नर्सेस तुम्हाला परतबाई म्हणायच्या. एक तर तोंडावर म्हणाली होती, "परतबाई, तुम्हाला बघायला आलेली मुलंही अशीच परत गेली असतील!" आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हो, लेबल नव्हतं." घरी येऊन हे सांगताना हसून हसून तुम्हाला ठसका लागला होता.

काम तुम्ही सगळंच करायचात. काचपट्टीवर थेंब पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. रिपोर्ट तयार झाला की मात्र तो शेजारच्या टेबलावर जायचा. तिथे वरिष्ठ तंत्रज्ञ बसायचे. त्यांचं नाव तंत्रज्ञांच्या कौन्सिलच्या नोंदवहीत होतं, म्हणून सही त्यांची. तुमच्याकडे जुना, अर्धवट सुटलेला अभ्यासक्रम, म्हणून तुम्ही मदतनीस. वर्षानुवर्षं मदतनीस! घरी टेबलाशी बसलात की तुमचं बोट लाकडावर फिरायचं. मला आधी वाटलं, डाग पुसताय. मग लक्षात आलं, तुम्ही सही करताय.

वरिष्ठांच्या निवृत्तीची चर्चा सुरू झाली आणि तुमच्या डोक्यात डिग्री शिरली. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून दूरशिक्षण. झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर ते अभ्यासकेंद्र होतं. मला सोबत नेलंत. केंद्रचालक म्हणजे नुसती साखर.

"या ताई, बसा. प्रयोगशाळा तंत्रज्ञान ना? उत्तम! घरबसल्या डिग्री."

"घरबसल्या रक्त कुणाचं काढायचं?" मी विचारलं.

"आजी फार विनोदी आहेत," तो तुम्हाला म्हणाला. तेव्हा मी आजीबिजी नव्हते, त्याचा राग मला अजून आहे. "प्रात्यक्षिकं काही रविवारी होतील, आमच्या ओळखीच्या लॅबमध्ये."

भिंतीवर चौकटीत एक पत्र लावलं होतं. विद्यापीठ मान्यताप्राप्त असल्याचं. तुम्ही खुर्ची मागे सारून त्याच्यासमोर उभ्या राहिलात. नाव वाचलंत, वर्ष वाचलंत. घरी आल्यावर दादांच्या कॉम्प्युटरवर नियामक संस्थेची यादी उघडलीत आणि पुन्हा नाव पाहिलंत, पुन्हा वर्ष पाहिलंत.

"जुळतंय, वहिनी."

"तुमच्या हॉस्पिटलला विचारा की. त्यांना चालेल का ते."

"विचारलं. आस्थापना विभागातले कारकून म्हणाले, डिग्री आणा, बघू."

"बघू म्हणजे हो नव्हे. लेखी घ्या."

"तुम्ही बँकेतले लोक! तुम्हाला नमस्कारसुद्धा लेखी लागतो."

दादा पेपरामागून म्हणाले, "लग्नात हिनं माझ्याकडून घेतलं नाही लेखी, म्हणून आता सगळ्या जगाकडून घेते." तुम्ही दोघं भाऊबहीण खिदळलात आणि विषय तिथेच संपला.

मग सुरू झालं टेबलाचं राज्य. कामावरून यायचं, चहा घ्यायचा, टायमरला किल्ली द्यायची. तुम्ही मोठ्यानं पाठ करायचात, लॅबमध्ये आयुष्य घालवूनसुद्धा! "अगं, हे तर तुला झोपेत येतं," असं दादा म्हणायचे. "येतं रे, पण पुस्तकाच्या भाषेत येत नाही," असं तुम्ही म्हणायचात. माझ्या भाज्या तुमच्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी ऐकत शिजल्या. अजूनही कांदा चिरताना मला मागून ती यादी ऐकू येते. मधेच तुम्ही अडखळता आणि मी पुढचा शब्द सांगते. आणि मग मला आठवतं की मागे कुणी नाही.

पास झालात. चांगल्या मार्कांनी झालात. वरिष्ठ निवृत्त झाले, जागा निघाली, तुम्ही अर्ज केलात. आणि मग ती शांतता. आस्थापना विभागानं तुमची कागदपत्रं पडताळणीला पाठवली होती. एकदा विद्यापीठाकडे आणि एकदा कौन्सिलकडे.

तुम्हाला बोलावलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. दार अर्धवट उघडं होतं.

"बाई, डिग्री खरी आहे," कारकून म्हणत होते. "विद्यापीठानं तसं कळवलंय. विद्यापीठही मान्यताप्राप्त आहे."

"मग?"

"विद्यापीठाला मान्यता आहे, पण हा अभ्यासक्रम दूरशिक्षणानं चालवायची परवानगी त्यांना कधीच नव्हती. ती परवानगी वेगळी असते, अभ्यासक्रमागणिक. इतिहास, वाणिज्य वगैरेला आहे त्यांना. हा प्रात्यक्षिकाचा विषय. कौन्सिल म्हणतं, नोंदणी होणार नाही. नोंदणी नाही म्हणजे सही नाही, आणि सही नाही तर ही जागा नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, आणा, बघू."

"हो मग. बघितलं ना."

त्या माणसाला दोन शब्द सुनवायला मी उठलेच होते, पण तुम्ही बाहेर आलात आणि माझा हात धरून जिन्याकडे चालू लागलात. तळघराच्या पायरीवर थांबलात. आत फ्रिज घुरघुरत होता. म्हणालात, "नाव बरोबर, वर्ष बरोबर. सगळं जुळवलं मी. टोपणाचा रंग बघितलाच नाही, वहिनी."

आयुष्यभर जी चूक बघताक्षणी तुम्ही परत पाठवलीत, ती फी भरून तुम्ही स्वतः घरी आणली होतीत. केंद्रावर गेलो तर तो साखरेचा माणूस म्हणाला, "आम्ही विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढंच सांगितलं. ते खरंच आहे." खोटं तो बोललाच नव्हता, हेच तर भयंकर.

मला वाटलं, आता टायमर माळ्यावर जाईल. पण त्याच संध्याकाळी तुम्ही चहा घेतलात, किल्ली दिलीत आणि पुस्तक उघडलंत. झालेल्या परीक्षेचं पुस्तक! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दादा घाबरले. मला हळूच म्हणाले, "हिच्या डोक्यावर परिणाम झाला का गं?" मी म्हटलं, "गप्प बसा, त्यांचं त्या बघतील." पण टिकटिक ऐकत माझ्या पोळ्या तव्यावर करपायच्या. तुम्ही पाठ करायचात त्याच याद्या, त्याच क्रमानं, फक्त आता आवाजात कुठेही घाई नव्हती. पोचायला कुठे नसल्यावर माणूस चालतो तसा.

जागेवर बाहेरून एक मुलगी आली. वयानं तुमच्या निम्मी, हुशार, नम्र. तुमच्या रिपोर्टांवर ती सही करू लागली. तुम्ही तिला काम शिकवलंत आणि तिच्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाहीत. तीच एक दिवस तुम्हाला म्हणाली, "मावशी, शहरातल्या एका कॉलेजात संध्याकाळचे वर्ग निघालेत. प्रात्यक्षिकासकट. तुमच्या वयाचे लोकही आहेत तिथे."

घरी येऊन तुम्ही सांगितलंत, पण माझ्याकडे न बघता. बोट टेबलावर फिरत होतं.

"निवृत्तीला किती राहिलंय तुमच्या?" मी स्पष्टच विचारलं.

"थोडं. कोर्स झाल्यावर एखादं वर्ष सही करायला मिळेल."

"एका वर्षासाठी एवढा उपद्व्याप?"

"एकदा केली तरी पुरे, वहिनी."

मी म्हटलं, "बरं. पण या वेळी पैसे भरायच्या आधी कौन्सिलला लेखी विचारायचं. कॉलेजला मान्यता आहे का, या अभ्यासक्रमाला आहे का, संध्याकाळच्या वर्गांना आहे का आणि तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षी आहे का. उत्तराची एक प्रत आस्थापना विभागात द्यायची आणि पोच घ्यायची."

"आणि टोपण?"

"टोपणही विचारू."

तुम्ही हसलात, कितीतरी दिवसांनी. पत्र मी सांगितलं, तुम्ही लिहिलंत. कौन्सिलचं कार्यालय बसनं तासाभरावर. पोस्टानं पाठवू म्हटलं तर तुम्ही म्हणालात, नको, हातात देऊ, शिक्का मारून घेऊ. मी सोबत येणार होते. शुक्रवार ठरला. बुधवारी तुम्हाला ताप भरला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. की नाही? शेवटी तुम्हाला शुद्ध कितपत होती, कोण जाणे. तुमच्याच हॉस्पिटलात, तुमच्याच तळघराच्या बरोबर वरच्या खोलीत तुम्ही पडला होतात. पहिल्या दिवशी नर्सनं तुमचं रक्त घेतलं आणि थोड्या वेळानं तणतणत परत आली. "यांच्या खिडकीवर नवीन बाई आहे, नळी परत दिली. म्हणे रंग चुकलाय." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "शाबास." रिपोर्ट आला तो मी तुमच्या डोळ्यांपुढे धरला. आकड्यांकडे तुम्ही बघितलंच नाहीत. नजर सरळ खाली गेली, सहीवर. मग माझ्याकडे बघून विचारलंत, "आज शुक्रवार का?"

मी म्हटलं, "नाही. अजून आहे वेळ."

शुक्रवार होता तो.

ते पत्र माझ्या पिशवीत आहे, तुमच्या सहीसकट. दादा म्हणतात, आता कौन्सिलला जाऊन कुणासाठी विचारणार? बरोबरच आहे त्यांचं. दोनदा मी बसस्टॉपपर्यंत गेले. दोन्ही वेळा बस आली, दार उघडलं, कंडक्टर म्हणाला, "आजी, येताय का?" आता खरंच आजी झाले, राग तरी कुणावर काढू? मी मागे वळून बघितलं, तुम्ही येताय का ते. बस गेली.