पोटासाठी वास्ते

बोलणारा माणूस मुलाखतीला मिळाला की लोक म्हणतात, नशीब काढलंस. मी म्हणते, एकदा त्याची कॅसेट कागदावर उतरवून बघा.

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या एका छोट्या दैनिकात मी उपसंपादक होते. रविवारची पुरवणी माझ्याकडे असायची. एका पावसाळ्यात ठरलं की बांबूवर पानभर मुलाखत घ्यायची, आणि ती एका निवृत्त रेंजरची. त्यांची सगळी नोकरी एटापल्लीकडच्या जंगलात गेली होती आणि बांबूच्या बाबतीत मोठमोठे साहेबसुद्धा त्यांना विचारून पुढे जात. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई. भाऊ बोलायला बसले आणि तीन कॅसेटी संपल्या. चौथी माझ्याकडे नव्हती म्हणून ते थांबले, नाहीतर आजही बोलत असते.

कॅसेट उतरवताना पहिला अपमान माझाच झाला. माझे प्रश्न त्यांच्या उत्तरांपेक्षा लांब होते. "म्हणजे असं की, एका अर्थानं बघितलं तर..." अशी मी सुरुवात करायची, आणि प्रश्न येईपर्यंत भाऊंचा चहा निवायचा. मधेच त्यांचा कोंबडा आरवत होता. तोही माझ्यापेक्षा मुद्द्याचं बोलत होता. म्हणून आधी माझेच प्रश्न छाटले आणि प्रत्येकाची एक ओळ केली. माणूस स्वतःपासून सुरू करतो तेव्हा हात जरा मोकळा चालतो.

मग खरं काम. भाऊ कुठलीही गोष्ट तीनदा सांगत, आणि तिसऱ्यांदा सगळ्यात चांगली सांगत. तेव्हा पहिल्या दोन खोडायच्या, तिसरी ठेवायची. बांबू कधी तोडावा हे पहिल्या कॅसेटीत सुरू होऊन, एका साहेबाच्या जीपवरून आणि तिच्यापुढे आलेल्या सांबरावरून फिरून, तिसरीत संपलं होतं. कागदाच्या पट्ट्या कापल्या, खळ घेतली आणि एका विषयाच्या पट्ट्या एका प्रश्नाखाली चिकटवल्या. क्रम बदलायचा, पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही आणि माणसाच्या तोंडी स्वतःचा शब्द घालायचा नाही, एवढं पथ्य मी पाळत होते. जीप गेली. सांबर गेलं. सांबराचं मला फार वाईट वाटलं.

भाषेवरून संपादकांशी वाद झाला. संपादक नुकतेच पुण्याहून आलेले, मनानं चांगले, पण शुद्धलेखनाच्या बाबतीत सासूच. त्यांना सगळं प्रमाण मराठीत हवं होतं. मी म्हटलं, मग भाऊ कुठे उरतात? शेवटी तडजोड झाली: उत्तरं साधी करायची, पण दोन-तीन वाक्यं त्यांच्या बोलीत तशीच ठेवायची. त्यातलं एक मला मुलाखतीचा कणा वाटत होतं. "पोटासाठी वास्ते तोडणाऱ्याले धरू नका, बाजारासाठी वास्ते तोडणाऱ्याले धरा."

मजकूर तरीही लांबच होता. संपादकांनी हातात लाल पेन घेतलं आणि शेवटची छाटणी स्वतः केली. खिळे जुळले, पान बांधून झालं, आणि त्याचं प्रूफ घेऊन मी भाऊंच्या घरी गेले. तपशील चुकला असेल तर सांगा, पण नवीन काही घालू नका, असं मी आधीच बजावलं होतं.

भाऊ चष्मा लावून वाचत होते आणि खूश होते. आपण इतकं थोडक्यात बोलू शकतो हे त्यांना माहीतच नव्हतं. मग शेवटच्या रकान्यात ते थबकले. पुन्हा वाचलं. प्रूफ माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "बाई, माह्यं आन् बुरडाइचं काही वैर हाये का?"

मी वाचलं. "पोटासाठी तोडणाऱ्याले धरू नका, बाजारासाठी तोडणाऱ्याले धरा." दोन्हीकडचे वास्ते गायब.

आमच्याकडे वास्ते म्हणजे पावसाळ्यात उगवणारे बांबूचे कोवळे कोंब. घरच्या भाजीपुरते कोणी काढले तर बिघडत नाही, गाडीभर काढून विकले तर पुढचं बनच उभं राहत नाही, एवढंच भाऊंचं म्हणणं होतं. आता वाक्याचा अर्थ झाला की बाजारासाठी बांबू तोडणाऱ्याला धरा. बाजारासाठी बांबू तोडतो कोण? टोपल्या-सुपं विणणारा बुरड. नाक्यावरचे गार्ड आधीच त्यांना अडवायचे, आता भाऊंच्या नावानं अडवले असते. नोकरीभर ज्यांच्या अंगणात भाऊ जेवले, त्यांच्याच ताटात माती पडणार होती.

"हे छापलं तं मी एटापल्लीले कोन्त्या तोंडानं जाऊ?" भाऊ एवढंच म्हणाले आणि सायकल काढून माझ्यासोबत छापखान्यात आले.

संपादकांना आधी कळेचना. त्यांचं म्हणणं, 'साठी' आणि 'वास्ते' एकच. एक मराठी, एक हिंदी. माणूस बोलताना दोन्ही वापरतो, छापताना एक पुरे. कुठल्याही शाळेत त्यांना या उत्तराचे पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. मी विचारलं, मागच्या आठवड्यात माझ्या घरी दोनदा मागून खाल्लीत ती भाजी कशाची होती? ते म्हणाले, ती ना, छान होती, कशाची होती? मी म्हटलं, वास्त्यांची. साठीची नव्हे. खिळे जुळवणारे सगळे हसले, आणि संपादकही हसले, हे त्यांचं मोठेपण.

पण हसून जागा होत नाही. शब्द परत घालायचा, वास्ते म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला सांगायचं, आणि बुरडांना अडवू नका हे भाऊंचं कॅसेटवरचं वाक्यही घ्यायचं, म्हणजे त्याच रकान्यातून तेवढ्याच ओळी काढायला हव्यात. खाली सिमेंटची जाहिरात, तिला हात लावायची सोय नाही. वर तोडणीचे नियम, कोवळा बांबू राखा, जुना काढा, ते तर हवेतच. उरला शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर. सगळ्या मुलाखतीत मला आवडलेलं ते एकच उत्तर होतं ज्यावर मी पेन्सिलसुद्धा टेकवली नव्हती. संपादकांच्या लाल पेनानंही ते तसंच सोडलं होतं.

भाऊंनी वाकून उलट्या अक्षरांकडे बघितलं. ती त्यांना वाचता येत नव्हती. शेवटचं कोणतं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "ते काढा. ते माह्यं एकट्याचं हाये."

रविवारी पान छापून आलं. भाऊ त्याच्या प्रती घेऊन एटापल्लीला गेले आणि तिकडच्या बुरडांनी त्यातली एक नाक्यावरच्या गार्डला वाचायला दिली, असं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. संपादक पुढे प्रत्येक वास्त्याखाली रेघ मारून मला विचारू लागले, हा खायचा की काढायचा?

काढलेलं उत्तर त्यानंतर कुठेच छापलं गेलं नाही. भाऊ गेले, ते दैनिकही बंद पडलं. इथे मला ओळी मोजणारं कोणी नाही, म्हणून ते जसंच्या तसं देते. बांबू कित्येक दशकांतून एकदाच फुलतो. मी विचारलं होतं, बांबू फुललेला तुम्ही पाहिलाय का?

"एकदा पाह्यला. मी नवानवा नोकरीले लागलो तवा सारं बन फुललं. बी पडलं आन् बन मेलं. मले वाटलं, आता कायची नोकरी! मग पावसात त्या बीतून रोपं निंघाली, गवतावानी. तेच बन मी आता सोडून आलो. ते फुलंन तवा मी नाई राह्यणार. पन बाई, त्याले मी त्याच्या ल्हानपनापासून ओयखतो."