गळ्याला एक सेंटिमीटर कमी

हॉटेलच्या तळघरात, धुलाईच्या यंत्रांच्या शेजारी, युनिफॉर्मची खोली होती. खिडकी नव्हती. भिंतीत एक चौकोनी झरोका होता, त्यातून वेटर आपला गणवेश घेत आणि मळलेला परत देत. झरोक्याच्या आत बावीस वर्षं एकच बाई बसत होती. तिच्या गळ्यात कायम मोजायची टेप असायची, म्हणून सगळे तिला टेपबाई म्हणत. तिच्या तोंडावरही तेच म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती.

टेपबाईचं खरं काम तिच्या रजिस्टरात होतं. साठ वेटरांचे गळे, बाह्या, कंबरा, सगळं इंचांत. गळा मोजताना ती टेपच्या आत दोन बोटं ठेवायची आणि मग आकडा लिहायची, म्हणजे तो आकडा थेट कॉलरचाच असायचा, त्यात पुन्हा काही वाढवायची गरज नसायची. दर सहा महिन्यांनी ती सगळ्यांना पुन्हा मोजायची. कोण लग्नानंतर भरला, कोण आजारपणात उतरला, हे तिला आकड्यांतून कळायचं. वेटरांवर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ कॅप्टनचा गळा बायको गेली त्या वर्षी साडेसोळाचा सोळा झाला आणि तिथेच थांबला. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. जुना आकडा खोडून नवा लिहिला, एवढंच.

नव्या मॅनेजरने आल्या आल्या शिंपी बंद केला. “आता फॉर्मल शर्ट ऑनलाइन मागवायचे,” तो म्हणाला. “एकदा साइज टाकली की घरपोच. तुमचं रजिस्टर द्या, टेपबाई.”

“रजिस्टर न्या, पण ऑर्डर टाकताना मला बोलवा.”

“अहो, त्यात काय रॉकेट उडवायचंय?”

त्याने बोलावलं नाही; रजिस्टर तेवढं परत पाठवलं. आठवड्याने खोकी आली. पांढरे, कडक कॉलरचे, बघत राहावं असे शर्ट होते. दोन दिवसांनी वरच्या हॉलमध्ये मोठी मेजवानी होती. टाय बांधून, वरचं बटण लावून सहा तास उभं राहायचं, असा मॅनेजरचा हुकूम होता.

पहिला शर्ट कॅप्टनने झरोक्यासमोरच अंगात चढवला. वरचं बटण लावलं. मान उजवीकडे वळवली, आवंढा गिळला, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

“टेपबाई, माझा गळा वाढला की काय?”

तिने दोन बोटं कॉलरमध्ये घालून पाहिली. एकच गेलं. तिने टेप काढून त्याचा गळा पुन्हा मोजला. सोळा. रजिस्टरातही सोळाच. मग तिने शर्ट उतरवून घेतला, कॉलर टेबलावर सपाट पसरली आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या लांबच्या टोकापर्यंत टेप धरली. टेपच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर होते. नेमके चाळीस. कॉलरच्या आतल्या लेबलवरही चाळीसच लिहिलं होतं.

तिने टेप उलटी करून इंचांत पाहिलं. पावणेसोळा.

“गळा नाही वाढला तुमचा,” ती म्हणाली. “कॉलर कमी आलीय.”

दुपारपर्यंत पंधरा जण येऊन गेले. सगळ्यांची तीच तक्रार. एक जण म्हणाला, “ताई, हा शर्ट आहे की फास?” दुसरा म्हणाला, “बरंय की, गिऱ्हाईकाला उलट बोलायला आवाजच फुटणार नाही.” सगळे हसले. टेपबाई हसली नाही. तिचा राग असाच यायचा, आवाज न करता. ती नुसती एकेक कॉलर मोजत गेली आणि कागदावर लिहीत गेली.

मॅनेजर स्वतः खाली आला.

“लोकं म्हणतायत घट्ट होतायत. खातात किती ते बघितलंय का? बरं, तुम्ही एक करा. वरचं बटण एक सेंटिमीटर पुढे सरकवा सगळ्यांचं. संध्याकाळपर्यंत होईल ना?”

“होईल.”

“आणि रजिस्टरात नोंद करा की मापं चुकीची घेतली गेली होती, म्हणून बटणं सरकवली. खाली सही करा. मला वर उत्तर द्यावं लागतं.”

टेपबाईने हातातला शर्ट खाली ठेवला. “मापं चुकली नाहीत.”

“मग शर्ट काय आपोआप आकसले? आकडे तुमचेच होते ना?”

“आकडे माझेच होते. इंचांतले.”

“उद्या सकाळी सही हवी,” तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

घरी गेल्यावर तिने भाकरीच्या पिठात हात घातलेला असतानाच मुलीला हाक मारली. “अगं, त्या शर्टवाल्यांचं पान काढ गं मोबाइलवर.”

मुलीने काढलं. कॉलर निवडायची जागा होती, आणि तिथे फक्त सेंटिमीटर होते. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. अर्धे आकडे नव्हतेच.

“सोळा इंचाला काय येतं?”

“एका इंचाचे दोन पूर्णांक चोपन्न. म्हणजे चाळीस पॉइंट चौसष्ट. म्हणजे एक्केचाळीस. बघ, इथे त्यांनी तक्ताच दिलाय. सोळाला एक्केचाळीस.”

“आणि अडीचने गुणलं तर?”

“अडीचने कोण गुणतं? चाळीस येईल.”

“पंधराला?”

“साडेसदतीस. पण तसा आकडा नाहीच ना इथे.”

“अपूर्णांक सोडून दे.”

“मग सदतीस. तक्त्यात अडतीस आहे.” मुलगी आता स्वतःच करत गेली. “साडेपंधराला अडतीस, पाहिजे एकोणचाळीस. साडेसोळाला एक्केचाळीस, पाहिजे बेचाळीस. सतराला बेचाळीस, पाहिजे त्रेचाळीस. आई, दर वेळी एकच कमी येतोय!”

टेपबाईने दुपारचा कागद काढून दाखवला. साठ कॉलर, आणि प्रत्येक बरोबर एक सेंटिमीटर कमी. अडीचने गुणून पुढचं उडवलं होतं. शिवाय पहिल्या गरम धुण्यात सुती कॉलर अजून थोडी आटणार, ते वेगळंच. ज्याला तक्ता बघायचाही कंटाळा, तो माणूस तिच्या बावीस वर्षांच्या आकड्यांवर शाई फासायला निघाला होता.

“परत घेतात का?”

“सात दिवसांत. न वापरलेले, न धुतलेले, आणि काही फेरफार केला असेल तर नाही घेत.”

“म्हणजे बटण सरकवलं की संपलं.”

“संपलं.”

त्या रात्रीच्या भाकऱ्या जरा जास्तच थापल्या गेल्या.

सकाळी झरोका उघडला तेव्हा सगळ्यात पुढे कॅप्टन उभा होता. “सरकवलं ना बटण?”

“नाही. आणि सरकवणारही नाही. हे शर्ट परत जाणार आहेत.”

“अहो, मेजवानी उद्यावर आली! तुमचं आणि साहेबाचं काय ते नंतर बघा. सहा तास मी उभा राहणार आहे, तुम्ही नाही.”

“जुने शर्ट देते. धुवून, इस्त्री करून.”

“जुन्यांचे कफ फाटलेत. साहेब म्हणालाय, जुन्या शर्टात दिसला त्याला भांडी घासायला पाठवीन. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, टेपबाई. एक बटण सरकवायला तुम्हाला किती वेळ लागतो?”

“दोन मिनिटं.”

“मग?”

“मग मी सही करायची की माझं माप चुकलं. आणि पुढच्या वेळी तो पुन्हा अडीचनेच गुणणार.”

“तुमच्या एका आकड्यापायी आमचा गळा आवळा,” कॅप्टन म्हणाला आणि तणतणत निघून गेला. बावीस वर्षांत तो तिच्याशी असं बोलला नव्हता.

मग तिने खोकी पुन्हा चिकटवली, रजिस्टर काखेत मारलं आणि वर गेली. तिच्या सांगण्यावरून खरेदी विभागातल्या मुलीने परतीचा अर्ज भरला. पण तो पुढे जायला ओटीपी हवा होता, आणि तो मॅनेजरच्या मोबाइलवर येणार होता.

मॅनेजरच्या खोलीत तिने विचारलं नाही, टेप सरळ त्याच्या टेबलाच्या काठावर पसरली.

“सोळा इंचावर बोट ठेवा.”

“हे काय चाललंय?”

“ठेवा तर.”

त्याने ठेवलं. तिने त्याच्या बोटाखालची टेप उलटली. बोट चाळीसच्या पुढे होतं, एक्केचाळीसच्या जवळ.

“तुम्ही चाळीस मागवलेत.”

“टेपबाई, एका सेंटिमीटरने आभाळ कोसळत नाही.”

“तुमच्या गळ्यात नाहीये तो, म्हणून.”

“आवाज खाली. शर्ट परत गेले तर ऑर्डर चुकली असं वर कळेल. कुणाच्या नावावर? मी सांगितलंय ते करा. नाहीतर उद्यापासून त्या खोलीत दुसरी बाई बसेल.”

“बसवा.” तिने रजिस्टर उघडून त्याच्यापुढे ठेवलं. साठ नावं, इंच, तक्त्यातला आकडा, आलेला आकडा. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं: अडीचने गुणून अपूर्णांक सोडला. त्याखाली तिची सही होती. “तुम्हाला सही हवी होती ना? केली. वर्षाअखेरीला हे रजिस्टर मालकांकडे जातं. शर्ट परत गेले तर मी खाली लिहीन की वेळेत दुरुस्ती झाली. नाही गेले तर आहे तसं जाईल.”

त्याने पान वाचलं. कान लाल झाले. टेबलावरचा मोबाइल वाजला. खरेदीच्या मुलीने तेवढ्यात बटण दाबलं होतं. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग उघड्या रजिस्टराकडे. शेवटी तो एकेक आकडा थुंकल्यासारखा बोलला, सहाच्या सहा, आणि तिने दारात जाऊन ते बाहेर बसलेल्या खरेदीच्या मुलीला सांगितले.

“दुरुस्ती झाली म्हणून लिहा,” तो मागून म्हणाला.

“लिहिते.”

मेजवानीला साठ वेटर जुन्या शर्टांत उभे राहिले. टेपबाईने दिवसभर बसून फाटलेले कफ आतल्या बाजूला वळवून शिवले होते. भांडी घासायला कुणालाच पाठवलं गेलं नाही. साठच्या साठ पाठवले तर वाढणार कोण?

बारा दिवसांनी बरोबर मापाचे शर्ट आले. कॅप्टनने आपला घेतला, बटण लावलं, मान दोन्हीकडे फिरवली. “बसला,” एवढंच म्हणाला. माफी मागितली नाही, पण झरोक्यासमोर उगाच थोडा वेळ घुटमळला.

दुपारी जेवणाला जाताना तिला सूचना फलकावर मॅनेजरच्या सहीचा कागद दिसला. पुरवठादाराने चुकीच्या मापाचे शर्ट पाठवल्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

टेपबाईने तो दोनदा वाचला. ते परत पाठवलेले साठ शर्ट तिने स्वतः मोजले होते. लेबलवर चाळीस असेल तर कॉलर चाळीसच, एका दोऱ्याचा फरक नाही. कुठेतरी, तिने कधी न पाहिलेल्या एखाद्या खोलीत, कुणीतरी मान मोडून ती काजं नेमक्या जागी पाडली होती. सांगितलं तेवढंच, सांगितलं तसंच.

तिने चारही टाचण्या काढल्या, कागद हातात घेतला आणि जेवणाचा डबा तिथेच ठेवून मॅनेजरच्या खोलीकडचा जिना चढू लागली.