खालच्या मजल्यावरचा टीव्ही

परक्या मुलखातल्या भाड्याच्या घरातली पहिलीच संध्याकाळ. सामान अजून खोक्यांत होतं, पण त्याला आधी टीव्ही लावायचा होता. घरमालकीण बाई खालच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांनी एकदम दोन सारखे टीव्ही घेतले होते, एक स्वतःला, एक भाडेकरूंना. वायफायही दोन्ही मजल्यांना मिळून एकच.

त्याने टीव्हीचे पाय स्क्रूने आवळले, प्लग लावला. रिमोटने एकेक अक्षर निवडत वायफायचा पासवर्ड टाकला.

"आता दुपारचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघू," तो म्हणाला.

दुपारी बाई किल्ली देऊन गेल्यावर त्याने त्यांची नक्कल केली होती. अंगावर शालीसारखी चादर, कमरेवर हात, लंगडत लंगडत प्रत्येक नळ उघडून बघायचा आणि नाक मुरडायचं. बायकोने हसत हसत ते फोनमध्ये टिपलं होतं.

फोनवर त्याने 'स्क्रीन दाखवा' दाबलं. यादीत एकच टीव्ही आला, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. त्याने तो निवडला. थोडं थांबून फोनवर 'जोडलं' असं आलं. त्याने व्हिडिओ सुरू केला. फोनवर चित्र हलत होतं, पण आवाज नाही. समोरचा टीव्ही निळाच.

"आवाज कुठे गेला?"

बायको ऐकत उभी राहिली. खालून कोणीतरी खदखदून हसत होतं.

"अहो," ती पांढरीफटक पडली, "हे तर माझं हसणं आहे!"

त्याने घाईघाईने जोडणी तोडली. टीव्हीवर वायफायचं पान उघडलं, तर तिथे 'पासवर्ड चुकीचा'. एक कॅपिटल अक्षर राहिलं होतं. आपला टीव्ही नेटवर आलाच नव्हता. यादीतला टीव्ही बाईंचा होता.

"झोपल्या असतील," तो म्हणाला.

"काहीतरीच बोलू नका. चला खाली."

"तू जा ना."

"नक्कल तुम्ही केलीत. हसले मी. दोघंही जाऊ."

बाईंनी दार उघडलं. मागे टीव्हीवर कसलीशी मालिका चालू होती. त्याने शिकून घेतलेले माफीचे शब्द परक्या भाषेत दोनदा चुकवले. बायको मान वर करेना.

"टीव्हीने विचारलं, परवानगी द्यायची का," बाई शांतपणे म्हणाल्या. "वाटलं, मुलीने फोटो पाठवले असतील. एरवी तिला ते जमत नाही, आज जमलं असेल. मी होकार दिला."

मग बाई म्हणाल्या, "माझा डावा गुडघा दुखतो. तुम्ही उजव्या पायाने लंगडलात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "टीव्हीला वेगळं नाव द्या," एवढंच म्हणून त्यांनी दार हळूच लावलं.

वर येऊन त्याने पासवर्ड नीट टाकला, सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचं नाव 'वरचा मजला' केलं. फोनच्या यादीत आता दोन नावं दिसली. बायकोने त्याच्या हातातून फोन घेऊन व्हिडिओ पुसला.

"सकाळी परत जाऊ," ती म्हणाली. "नळांबद्दल त्या काय सांगत होत्या, ते नीट ऐकून घेऊ."

तो "हो" म्हणाला. पण खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेव्हा दोघंही दचकली.