दोन जावांचे दोन गळे

लातूरला नणंदेची वास्तुशांती होती. तिनं आम्हा दोघी जावांना एकसारख्या रेशमी साड्या पाठवल्या, जरीचे रुंद काठ असलेल्या, हातात घेतल्या की जड लागणाऱ्या. फोनवर म्हणाली, "ब्लाउजबी सेमच शिवा. जुळ्या दिसल्या पायजेत."

नांदेडला घरीच मी ब्लाउज शिवते, त्यामुळं काम माझ्याकडंच. धाकट्या जावेनं मोबाइलवर डिझाइन दाखवलं: पाठीला रुंद, खोल गळा, खांद्यावर जेमतेम पट्टी, बाही इवलीशी.

"तुझे खांदे उतरते हायेत," मी म्हटलं. "घसरंल."

"न्हाई घसरत ताई. घालून तर बघू."

मग जुन्या मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज टाचला. तिनं तो घालून वर साडी नेसली. पदर खांद्यावर टाकला तशी पट्टी दंडावर उतरली. तिनं वर ओढली, ती पुन्हा खाली. तिसऱ्यांदा आम्हा दोघींना हसू आवरेना.

गळ्याची खोली तिला हवी तेवढीच ठेवली. खांद्याकडची रुंदी मात्र आत घेतली, पट्टी रुंद केली आणि मानेखाली दोन्ही कडा धरून ठेवणारी दोरी लावली. तिचे दंड बारीक, म्हणून बाही कोपरापर्यंत नेऊन शेवटी साडीचा काठ लावला. पदर टाकून ती घरभर फिरली, वाकून भांडं उचललं. खांदा हलला नाही.

"आता तुमचं," ती म्हणाली.

"माझं ठरलेलं हाय. बंद गोल गळा, आखूड बाही."

"लोकांना एवढं निवडून देता. स्वतःसाठी कवा निवडलं?"

तिनं मला आरशासमोर उभं केलं, पाठीवर खडूनं पानाचा आकार काढला आणि मागं दुसरा आरसा धरला. गोल गळ्यात माझी पाठ सपाट फळीसारखी दिसायची. खाली निमुळत्या होत गेलेल्या त्या रेघांनी रुंद खांदे आटोपशीर दिसायला लागले. आखूड बाही नेमकी दंडाच्या जाड भागावर संपायची, म्हणून तीही कोपराच्या जरा वरपर्यंत आणली. खांद्याची पट्टी रुंद होती, त्यामुळं पदराच्या वजनाची धास्ती नव्हती.

लातूरला दारातच नणंदेनं आम्हाला थांबवलं. आधी समोरून बघितलं, मग पाठमोरं करून.

"मी सेम सांगितलं होतं," ती म्हणाली.

"साड्या सेमच हायेत," जाऊ म्हणाली.

दुपारी पंगतीत आम्ही दोघींनी वाढलं. वाकताना, हात लांब करताना एकदाही पदर सावरावा लागला नाही. मी नेहमीपेक्षा ताठ चालत होते, हे माझं मलाच जाणवलं. मी वाढत असताना नणंद जवळ आली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, मला कंचा गळा शोभंल?"

हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवून मी तिचे खांदे बघायला लागले.