थाळीला न दचकणारी मुलगी

माझी पहिली मुलगी सेलूजवळच्या माझ्या माहेरी जन्मली आणि आईने लगेच तिची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. कारण होतं माझा थोरला भाऊ. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. घरात हे कळलं तेव्हा तो चांगला पळता झाला होता. तोवर सगळे त्याला हट्टी समजत. आईच्या जिवाला ते कायमचं लागलं होतं.

तिच्या परीक्षेचं साधन म्हणजे पितळेची थाळी. पाळण्याशेजारी थाळीवर पळी हाणायची. पहिल्यांदा पोर ताडकन दचकली, हात फेकले, रडली. आई खूश! पण एकदा बघून समाधान झालं तर ती आई कसली? भेटायला येणाऱ्या बायांसमोर तोच कार्यक्रम. एका दुपारी तर बाया एकदमच आल्या आणि आईने ठोक्यावर ठोके दिले. पोर आधी दचकली, मग नुसत्या पापण्या हलवल्या, मग तेवढंही नाही. निवांत झोपून राहिली.

"काऊन उठून नाई राह्यली थे?" आई मटकन खाली बसली. "दादासारखीच हाय."

मी थाळी हिसकावली, बायांना वाटेला लावलं आणि आत जाऊन रडले. दादा दारातून सगळं बघत होता. त्याने स्वतःच्या कानाला बोट लावून पाळण्याकडे दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आई, दादा आणि मी पोरीला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई फार हसऱ्या नव्हत्या, पण हात असे की बघत राहावं. त्यांनी आधी कानाकडे पाहिलंच नाही. पोरीचं दुपटं सोडलं, डोकं तळहातावर तोलून किंचित खाली सोडलं आणि लगेच झेललं. पोरीचे दोन्ही हात पसरले आणि मिठी मारल्यासारखे जवळ आले.

"दोन्ही हात सारखे उघडले," बाई म्हणाल्या. "एक मागे राहिला असता तर मी तिकडचं हाड आणि नस तपासली असती."

गालाला बोट लावलं, तर तोंड उघडून पोर तिकडे वळली. तळहातात बोट दिलं, तर घट्ट धरलं. "हे सगळं आज हवं आणि पुढच्या काही महिन्यांत ओसरायला हवं. ओसरलं नाही तर मला काळजी." मला फार नवल वाटलं. नऊ महिने पोटात बाळगूनही मला ठाऊक नव्हतं, ही एवढं शिकून आली होती!

मग आईने थाळीची हकिगत सांगितली. "बाई, हिले ऐकू येते का नाई, येवढंच सांगा."

"आधी दचकली आणि मग सोडून दिलं ना? कामाचं नाही ते झोपेत सोडून देता येणं, हे चांगल्या मेंदूचं लक्षण आहे," बाई म्हणाल्या. आईचा चेहरा उजळला, तोच त्यांनी पुढे सांगितलं, "पण थाळीवरून कानाचं काही कळत नाही. पाळणा हादरतो, वारा लागतो. बहिरं बाळही दचकेल."

आईचा चेहरा पुन्हा उतरला.

मला पोरीला पाजायला लावलं. ती जागी आणि शांत झाल्यावर बाईंनी तिला स्वतःच्या हातांवर उताणी धरली. ज्वारीचे दाणे घातलेली एक पत्र्याची डबी काढली. ती हलवायची कोणी? मी पुढे झाले. "तू नको, तुझ्या वासानेच वळेल." आई मागे सरकली. बाईंनी डबी दादाला दिली आणि मनगट हळू कसं हलवायचं ते दाखवलं.

पोरीला दिसणार नाही असा, तिच्या कानाच्या बाजूला दादा उभा राहिला. डबी हलत होती. काहीच होईना. आईने डोळे मिटून घेतले. "थांबा, एवढ्या लहान बाळाला वेळ लागतो," बाई पुटपुटल्या.

आणि पोरीचे पाय थांबले. डोळे मोठे झाले. मान हळूहळू दादाकडे वळली. दुसऱ्या बाजूनेही तसंच झालं.

"ऐकते आहे," बाई म्हणाल्या. "तीन-चार महिन्यांनी आणा, पुन्हा बघू."

आई ढसाढसा रडली. दादाला मात्र शब्दांची गरज नव्हती. त्याने डबी स्वतःच्या कानाशी नेऊन हलवली आणि मान नकारार्थी हलवली. मग पोरीच्या कानाशी हलवली. ती पुन्हा सावकाश त्याच्याकडे वळली. दादा मोठ्याने हसला आणि तिच्या कानाला बोट लावून आम्हा सगळ्यांकडे बघत जोरजोरात होकार देत राहिला.